सहा फेऱ्या, अठरा सायकली: एका छोट्या लूपचे सॉफ्टवेअर पाइपलाइनिंग

ज्या लूपवर हा संपूर्ण लेख उभा आहे, तो अगदी लहान आहे. एका ॲरेतला प्रत्येक आकडा घ्यायचा, त्याच्या वर्गात तोच आकडा मिळवायचा आणि उत्तर दुसऱ्या ॲरेत ठेवायचे, एवढेच त्याचे काम आहे.

```c
for (int i = 0; i < n; i++)
    b[i] = a[i] * a[i] + a[i];
```

हा लूप ज्या प्रोसेसरवर चालवायचा तो मी मुद्दाम साधा कल्पिला आहे. त्यात तीन एकके आहेत: एक मेमरीशी व्यवहार करणारे, एक गुणाकाराचे आणि एक बेरजेचे. प्रत्येक एकक दर क्लॉक सायकलला एक नवी आज्ञा स्वीकारू शकते, आणि तिन्ही एकके एकाच सायकलमध्ये आपापली आज्ञा सुरू करू शकतात. मात्र आज्ञा सुरू झाली म्हणजे तिचे उत्तर लगेच हाती येत नाही. मेमरीतून आणलेला आकडा तीन सायकलींनंतर वापरता येतो, गुणाकाराचे उत्तर दोन सायकलींनंतर मिळते आणि बेरजेचे पुढच्याच सायकलला मिळते. सिग्नल प्रोसेसिंगसाठी बनवलेल्या अनेक प्रोसेसरांचा स्वभाव असाच असतो. कोणती आज्ञा कोणत्या सायकलला सुरू व्हावी हे तिथे हार्डवेअर ठरवत नाही, तर कंपायलर आधीच ठरवून देतो. लूपचा काउंटर वाढवणे आणि उडी मारणे ही कामे वेगळ्या एककावर बाजूने होतात असे धरून मी ती हिशेबाबाहेर ठेवतो.

आता एक फेरी सरळ मांडून पाहू. शून्याव्या सायकलला लोड सुरू होतो. आकडा तिसऱ्या सायकलला हाती येतो, म्हणून गुणाकार तिसऱ्या सायकलला सुरू होतो. त्याचे उत्तर पाचव्या सायकलला मिळते, तेव्हा बेरीज होते, आणि सहाव्या सायकलला उत्तर मेमरीत ठेवले जाते. पुढची फेरी सातव्या सायकलला सुरू होते. म्हणजे दर फेरीला सात सायकली लागतात आणि त्या सातांपैकी केवळ चार सायकलींमध्ये काहीतरी सुरू होते. उरलेल्या तीन सायकलींत संपूर्ण प्रोसेसर उत्तराची वाट पाहत बसतो. या फेरीच्या आत आज्ञा पुढेमागे करून काही साधत नाही, कारण चारही आज्ञा एकमेकींच्या उत्तरावर अवलंबून असलेली एकच साखळी आहे. रिकाम्या जागा भरण्यासाठी काम आणायचे असेल, तर ते दुसऱ्या फेरीतूनच आणावे लागेल.

सॉफ्टवेअर पाइपलाइनिंगची मूळ कल्पना एवढीच आहे, की पहिली फेरी संपण्याची वाट न पाहता दुसरी सुरू करायची, दुसरी अर्धवट असताना तिसरी सुरू करायची, आणि हे सर्व एका ठरावीक अंतराने करायचे. दोन लागोपाठच्या फेऱ्या सुरू होण्यातल्या या अंतराला इनिशिएशन इंटरव्हल म्हणतात. मराठीत त्याला आरंभांतर म्हणायला हरकत नाही, पण कंपायलरच्या अहवालात ते `ii` असे छापलेले दिसते, म्हणून मीही तेच अक्षर वापरतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते: फेरी पूर्ण व्हायला किती सायकली लागतात आणि `ii` किती आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भाकऱ्या करणारीला एक भाकरी थापून, तव्यावर शेकून, निखाऱ्यावर फुगवून काढायला चार मिनिटे लागत असतील. पण भाकरी तव्यावर दोनच मिनिटे राहत असेल आणि ती तिथे असताना पुढची थापून होत असेल, तर टोपलीत दर दोन मिनिटांनी एक भाकरी पडते. ती दोन मिनिटे म्हणजे `ii`. लांबलचक लूपचा एकूण वेळ त्यावरच ठरतो.

मग आपल्या लूपचा `ii` किती कमी होऊ शकेल? पहिली मर्यादा एककांच्या संख्येतून येते. प्रत्येक फेरीला मेमरीचे एकक दोनदा लागते, एकदा लोडसाठी आणि एकदा स्टोअरसाठी. गुणाकाराचे आणि बेरजेचे एकक प्रत्येकी एकदाच लागते. मेमरीचे एकक एकच असल्यामुळे दोन सायकलींपेक्षा लवकर नवी फेरी सुरू करणे शक्यच नाही. म्हणून आपल्या लूपसाठी `ii` किमान २ आहे. ही खालची मर्यादा लूपकडे पाहून बोटांवर मोजता येते, आणि मला वाटते की कोणताही लूप वेगवान करायला बसण्यापूर्वी ती मोजलीच पाहिजे, कारण मिळालेला वेग चांगला की वाईट हे ठरवायला दुसरे मोजमाप नाही.

`ii` २ ठरला, की मांडणीवर एक नवे बंधन येते. दर दोन सायकलींनी नेमकी तशीच फेरी सुरू होणार असल्यामुळे, एखादे एकक शून्याव्या सायकलला गुंतले तर ते दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सर्व सम सायकलींना गुंतलेलेच राहील, कारण तिथे पुढच्या फेऱ्यांची तीच आज्ञा येऊन बसेल. म्हणून आज्ञेची सायकल `ii` ने भागून उरलेली बाकी पाहायची, आणि एकाच बाकीवर एकाच एककाच्या दोन आज्ञा पडू द्यायच्या नाहीत. या पद्धतीला मॉड्युलो शेड्युलिंग म्हणतात. बॉब राव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बी. रामकृष्ण राव यांनी ग्लेसर यांच्यासोबत १९८१ मध्ये तिची मांडणी केली.

हे बंधन आपल्या सरळ मांडणीला लावून पाहू. लोड शून्याव्या सायकलला आहे, बाकी शून्य. गुणाकार तिसऱ्या सायकलला, बाकी एक. बेरीज पाचव्या सायकलला, बाकी एक. पण तिचे एकक वेगळे असल्यामुळे अडचण नाही. स्टोअर सहाव्या सायकलला येते, त्याची बाकी शून्य, आणि मेमरीच्या एककाची शून्य बाकीची जागा लोडने आधीच घेतलेली आहे. सहाव्या सायकलला चौथ्या फेरीचा लोड आणि पहिल्या फेरीचे स्टोअर एकाच एककाकडे धावतील. उपाय साधा आहे: स्टोअर एक सायकल पुढे ढकलून सातव्या सायकलला ठेवायचे. त्यामुळे एकटी फेरी सातऐवजी आठ सायकलींची होते. आपण फेरी मुद्दाम लांबवली, आणि तेवढ्यामुळेच दर दोन सायकलींना नवी फेरी सुरू करता आली. नव्याने हा विषय शिकणाऱ्यांना इथे हमखास अडखळायला होते, कारण प्रत्येक आज्ञा शक्य तितक्या लवकर बसवण्याची सवय इथे उपयोगाची नसते.

आता सहा फेऱ्यांचे पूर्ण वेळापत्रक पाहा. `L` म्हणजे लोड, `M` म्हणजे गुणाकार, `A` म्हणजे बेरीज, `S` म्हणजे स्टोअर, आणि त्यांच्यापुढचा आकडा म्हणजे शून्यापासून मोजलेला फेरीचा क्रमांक.

```
cycle   mem   mul   add
  0     L0
  1
  2     L1
  3           M0
  4     L2
  5           M1    A0
----------------------
  6     L3
  7     S0    M2    A1
  8     L4
  9     S1    M3    A2
 10     L5
 11     S2    M4    A3
----------------------
 12
 13     S3    M5    A4
 14
 15     S4          A5
 16
 17     S5
```

दोन आडव्या रेषांमुळे तक्त्याचे तीन भाग पडले आहेत. मधला भाग आधी वाचावा. तिथे दोन सायकलींचा एकच नमुना तीनदा आला आहे: सम सायकलला एक लोड, आणि विषम सायकलला एक स्टोअर, एक गुणाकार व एक बेरीज. फक्त फेरीचे क्रमांक दर वेळी एकाने सरकतात. यालाच स्थिर अवस्था म्हणतात, आणि हा पुन्हापुन्हा चालणारा दोन सायकलींचा तुकडा म्हणजे कर्नल. कर्नलच्या एका खेपेत चार वेगवेगळ्या फेऱ्यांचे काम चालू असते. फेरी क्रमांक तीनचा लोड होत असताना दोनचा गुणाकार, एकची बेरीज आणि शून्याचे स्टोअर होत असते. कर्नल नावाचा लूप चालतो तेव्हा त्यात मूळ प्रोग्रॅममधली एकही फेरी सलग दिसत नाही. डीबगरमध्ये अशा कोडवर थांबून `i` ची किंमत पाहिली तर गोंधळ का उडतो, याचे कारण हेच आहे.

पण कर्नल एकदम सुरू करता येत नाही. त्याच्या पहिल्याच खेपेत स्टोअर करायला शून्याव्या फेरीचे उत्तर तयार हवे, बेरजेला पहिल्या फेरीचा गुणाकार हवा, गुणाकाराला दुसऱ्या फेरीचा आकडा हवा. हे सर्व आधी तयार करून ठेवण्याचे काम वरचा भाग करतो, आणि त्याला प्रोलॉग म्हणतात. तक्त्यात तो शून्य ते पाच या सहा सायकलींचा आहे. तो नीट पाहिला तर कर्नलचेच तीन अपुरे अवतार त्यात दिसतील: पहिल्यात केवळ लोड, दुसऱ्यात लोड व गुणाकार, तिसऱ्यात लोड, गुणाकार व बेरीज. शेवटी याच्या उलट घडते. शेवटच्या फेरीचा लोड, म्हणजे `L5`, झाला की आणायला नवीन काही उरत नाही, पण तीन फेऱ्या अजून वाटेत असतात. त्यांना पूर्ण करणारा बारा ते सतरा या सायकलींचा भाग म्हणजे एपिलॉग. त्यात कर्नलमधून आधी लोड गळतो, मग गुणाकार, मग बेरीज.

एका फेरीच्या आठ सायकली `ii` च्या दोनने भागल्या, की चार टप्पे मिळतात. टप्पे चार, म्हणून प्रोलॉगमध्ये कर्नलचे तीन अपुरे अवतार आणि एपिलॉगमध्येही तीनच. एकूण वेळ `(n + 3) * 2` सायकली. सहा फेऱ्यांना १८ सायकली लागल्या. पाइपलाइनिंग न करता ४२ लागल्या असत्या. हजार फेऱ्यांसाठी ७००० च्या जागी २००६ सायकली लागतात, म्हणजे भरण्याच्या आणि रिकामे होण्याच्या सहा सायकली तिथे जाणवतही नाहीत. मात्र चार फेऱ्यांच्या लूपला १४ सायकली लागतात, आणि त्यातल्या सहा याच कामी जातात. चारपेक्षा कमी फेऱ्या असतील तर हे कोड चालवताच येत नाही, कारण प्रोलॉगने आधीच तीन लोड केलेले असतात आणि कर्नल निदान एकदा तरी चालतोच. म्हणून फेऱ्या किती हे कंपायलरला आधी माहीत नसेल, तर तो त्याच लूपची एक साधी, पाइपलाइन न केलेली प्रतही कोडमध्ये ठेवतो आणि `n` तपासून दोहोंपैकी एक निवडतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी६००० मालिकेच्या कंपायलरला `#pragma MUST_ITERATE(4)` असे सांगितले, तर किमान चार फेऱ्या होणारच हे त्याला कळते आणि ती दुसरी प्रत व ती तपासणी दोन्ही वाचू शकतात.

येथपर्यंत आपण एककांचा हिशेब केला, पण रजिस्टरांचा केला नाही, आणि वरचा तक्ता जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला तर उत्तरे चुकतील. चूक कुठे आहे हे शोधण्यासाठी `a[i]` या आकड्याचा प्रवास पाहावा लागेल. तो `x` या रजिस्टरमध्ये येतो असे धरू. शून्याव्या फेरीचा आकडा तिसऱ्या सायकलला `x` मध्ये येतो. तो दोनदा लागतो, तिसऱ्या सायकलला गुणाकारासाठी आणि पाचव्या सायकलला बेरजेसाठी. पण दुसऱ्या सायकलला सुरू झालेला `L1` आपला आकडा पाचव्याच सायकलला त्याच `x` मध्ये आणून ठेवतो. परिणामी `A0` ला `a[0]` च्या जागी `a[1]` मिळतो. गुणाकार बरोबर होतो आणि बेरीज चुकते. प्रत्येक फेरी `a[i] * a[i] + a[i+1]` असे काहीतरी मोजू लागते.

ही चूक ओळखण्याची खूण मोठी बोलकी आहे. ॲरेत १, २, ३, ४, ५, ६ हे आकडे असतील तर बरोबर उत्तरे २, ६, १२, २०, ३०, ४२ अशी यायला हवीत. प्रत्यक्षात ३, ७, १३, २१, ३१, ४२ अशी येतात. प्रत्येक उत्तर एकाने जास्त आहे, कारण शेजारचा आकडा एकाने मोठा आहे. आणि केवळ शेवटचे उत्तर बरोबर आहे, कारण त्याच्यामागून नवीन लोड आलाच नाही आणि `x` मधला आकडा शाबूत राहिला. म्हणून पाइपलाइन केलेल्या लूपची चाचणी सर्व जागी एकच आकडा भरलेल्या ॲरेवर कधीही करू नये. तिथे `a[i]` आणि `a[i+1]` सारखेच असल्यामुळे ही चूक पूर्णपणे झाकली जाते. फक्त शेवटची एक-दोन किंवा पहिली एक-दोन उत्तरे बाकीच्यांपेक्षा वेगळी वागत असतील, तर संशय आधी प्रोलॉग, एपिलॉग आणि रजिस्टरांच्या आयुष्यावर घ्यावा.

नियम म्हणून सांगायचे तर, एखादी किंमत रजिस्टरमध्ये आल्यापासून तिचा शेवटचा वापर होईपर्यंतचा काळ एका `ii` मध्ये मावला पाहिजे. आपल्या `x` ला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तीन सायकली जगायचे आहे आणि `ii` दोनच आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मार्गदर्शिकांमध्ये अशा किमतीला `live-too-long` असे नाव आहे, म्हणजे परवडण्यापेक्षा जास्त काळ जगणारी. जे प्रोसेसर आज्ञा सुरू होताच रजिस्टर तिच्या नावे अडवून ठेवतात, त्यांच्यावर हा काळ लोड सुरू झाल्यापासून मोजावा लागतो आणि अडचण आणखी वाढते.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे `ii` वाढवून ३ करणे; मग `x` ला पुरेसा वेळ मिळतो, पण लूप दीडपट हळू होतो, म्हणून हा मार्ग नाइलाज झाल्यावरच धरावा. दुसरा मार्ग मोनिका लॅम यांनी १९८८ मध्ये मांडला; त्याला मॉड्युलो व्हेरिएबल एक्स्पान्शन म्हणतात. कर्नल दुप्पट लांब लिहायचा आणि सम फेऱ्यांना एक, विषम फेऱ्यांना दुसरे रजिस्टर द्यायचे. वेग तोच राहतो, कोड वाढते. तिसरा मार्ग आपल्या लूपला सर्वांत जास्त शोभतो. बेरजेचे एकक सम सायकलींना रिकामेच बसलेले आहे. त्याच्याकडून `x` ची एक नक्कल `w` या दुसऱ्या रजिस्टरमध्ये करून घ्यायची आणि बेरजेत ती वापरायची.

```
        mem             mul           add
even:   L  x, a[i+3]                  MV w, x
odd:    S  b[i], s      M  p, x, x    A  s, p, w
```

शून्याव्या फेरीची नक्कल चौथ्या सायकलला सुरू होते आणि पाचव्या सायकलला `w` मध्ये तयार असते. पुढची नक्कल सातव्या सायकलला येते. म्हणजे `w` मधला आकडा नेमका `A0` ला लागतो तेव्हा सुरक्षित असतो, आणि `ii` दोनवरच राहतो. एक जादा आज्ञा घालूनही लूप हळू झाला नाही, कारण ती रिकाम्या जागेत बसली.

वेळेचा असा काटेकोर हिशेब करणाऱ्या कोडला इंटरप्टची भीती असते. लोड सुरू झाला आहे, आकडा अजून वाटेत आहे, आणि मधल्या काळात `x` मधली जुनी किंमत वापरायची आहे, अशा क्षणी इंटरप्ट आला तर परत येईपर्यंत नवीन आकडा `x` मध्ये येऊन बसलेला असतो. म्हणून सी६००० चा कंपायलर असे लूप चालताना इंटरप्ट थांबवून ठेवू शकतो, आणि ते जास्तीत जास्त किती काळ थांबलेले चालतील हे त्याला पर्यायाने सांगता येते. ऑडिओ किंवा मोटर नियंत्रणाच्या कामात हजार फेऱ्यांचा एखादा लूप नेमका या कारणाने दुसऱ्याच भागात उशीर घडवतो, आणि कारण भलतीकडे शोधले जाते.

आता `ii` च्या दुसऱ्या मर्यादेकडे येतो, कारण प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त वेळ तीच खाते. एककांनी `ii` ला दोनपर्यंत येऊ दिले, पण त्यामागे एक गृहीत दडलेले होते: पुढच्या फेरीचा लोड मागच्या फेरीच्या स्टोअरआधी करता येतो. हे केव्हा खरे असते? `a` आणि `b` हे मेमरीत वेगवेगळ्या जागी असतील तेव्हाच. फंक्शनला ते दोन पॉइंटर म्हणून मिळाले असतील, तर `b[0]` आणि `a[1]` ही एकच जागा नसेल याची खात्री कंपायलरला नसते. तसे असेल तर `L1` ने `S0` होईपर्यंत थांबलेच पाहिजे. मग साखळी अशी बनते: लोडच्या तीन सायकली, गुणाकाराच्या दोन, बेरजेची एक, स्टोअरची एक, आणि मग पुढच्या फेरीचा लोड. बेरीज सात. ही साखळी एका फेरीतून पुढच्या फेरीत जाऊन पुन्हा स्वतःलाच मिळते, म्हणून `ii` सातच्या खाली जाऊ शकत नाही. एकके कितीही वाढवली तरी यात फरक पडणार नाही. आपण सात सायकलींवरून निघालो होतो आणि पुन्हा सातवरच आलो.

सी६००० चा कंपायलर प्रत्येक लूपसाठी या दोन्ही मर्यादा असेम्ब्ली फाइलमध्ये टिपणी म्हणून लिहू शकतो. आपल्या कल्पित यंत्रासाठी तसा अहवाल निघाला असता, तर त्यातल्या महत्त्वाच्या ओळी अशा दिसल्या असत्या.

```
;*  Loop Carried Dependency Bound(^) : 7
;*  Partitioned Resource Bound(*)    : 2
;*  Searching for software pipeline schedule at ...
;*     ii = 7  Schedule found ...
```

पहिली ओळ फेऱ्यांमधल्या साखळीची मर्यादा सांगते, दुसरी एककांची. शोध या दोन्हींतल्या मोठ्या आकड्यापासून सुरू होतो, आणि त्या `ii` वर मांडणी बसली नाही तर कंपायलर एकेकाने वाढवत जातो. पहिली ओळ दुसरीपेक्षा मोठी दिसली, की गणिताकडे न वळता आधी साखळीकडे पाहावे. ती साखळी खरी आहे की केवळ कंपायलरच्या शंकेतून आलेली आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या लूपमध्ये ती शंकाच आहे, आणि ती एका शब्दाने दूर होते.

```c
void f(float * restrict b,
       const float * restrict a, int n)
```

`restrict` हे प्रोग्रॅमरने दिलेले वचन आहे, की या फंक्शनच्या आत `b` मधून लिहिलेली जागा `a` मधून वाचली जाणार नाही. ते मिळताच साखळी तुटते आणि `ii` सातवरून दोनवर येतो. वचन खोटे असेल, म्हणजे कुणी `f(a + 1, a, n)` अशी हाक मारली, तर कंपायलर कोणतीही तक्रार करणार नाही आणि उत्तरे मुकाट्याने चुकतील. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी फंक्शनला हाक मारणाऱ्या सर्व जागा पाहून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

साखळी खरी असेल तर मात्र `restrict` उपयोगाचा नाही. समजा लूप `s = s * k + a[i]` असा आहे. इथे पुढच्या फेरीच्या गुणाकाराला मागच्या फेरीची बेरीज हवीच, आणि गुणाकाराच्या दोन व बेरजेची एक मिळून `ii` तीनपेक्षा कमी होणार नाही. त्यापुढे जायचे असेल तर गणिताची पद्धतच बदलावी लागते. उदाहरणार्थ, सम आणि विषम क्रमांकांच्या पदांची वेगळी गोळाबेरीज `k` च्या वर्गासह चालवून शेवटी दोन्ही जोडायच्या. फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्यामुळे शेवटचे काही अंक बदलू शकतात, म्हणून कंपायलर हे आपणहून करत नाही.

राहिला कोडच्या आकाराचा प्रश्न. प्रोलॉग आणि एपिलॉग ही कर्नलची पसरलेली रूपे असल्यामुळे, टप्पे जास्त असतील तर कर्नलपेक्षा तेच कितीतरी मोठे होतात. इटॅनियम प्रोसेसरने यावर हार्डवेअरचा उपाय केला होता. त्यात रजिस्टरांची नावे प्रत्येक खेपेला आपोआप एकेक घर सरकतात, त्यामुळे `x` पुसला जाण्याचा प्रश्न कर्नल न वाढवताच सुटतो, आणि प्रत्येक टप्प्याला एक चालू-बंद बिट असल्यामुळे एकटा कर्नलच प्रोलॉग व एपिलॉगचेही काम करतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी६४एक्स+ प्रोसेसरमध्ये `SPLOOP` नावाची सोय आहे. तिथे एका फेरीचे वेळापत्रक एका खास बफरमध्ये भरले जाते आणि फेऱ्या एकमेकींवर रचण्याचे काम हार्डवेअर करते. आज लॅपटॉपमध्ये असलेले प्रोसेसर पुढच्या आज्ञांमध्ये स्वतःच डोकावून त्या आधी चालवतात, म्हणून तिथे आपल्यासारख्या छोट्या लूपवर कंपायलरने हे कष्ट घेतले तरी फारसा फरक दिसत नाही.

असे हार्डवेअर नसेल तर एपिलॉग काढून टाकण्याची आणखी एक युक्ती आहे. कर्नल तीनऐवजी सहा वेळा चालवायचा. शेवटच्या तीन खेपांमध्ये `S3`, `S4`, `S5` होतात, म्हणजे हवे असलेले सर्व स्टोअर पूर्ण होतात, आणि वेळही तेवढाच, १८ सायकली लागतो. त्या खेपांमध्ये जादा गुणाकार आणि बेरजाही होतात, पण त्यांची उत्तरे कुठेच साठवली जात नसल्यामुळे त्यांचा उपद्रव नाही. लोडचे मात्र तसे नाही. `L6`, `L7` आणि `L8` हे ॲरेच्या शेवटापलीकडचे तीन आकडे, म्हणजे `float` असतील तर १२ बाइट, वाचतात. ती जागा मेमरीच्या अखेरीस असेल, किंवा तिच्यापुढे एखाद्या हार्डवेअर उपकरणाचे रजिस्टर असेल, तर नुसत्या वाचण्यानेही बिघाड होतो. म्हणून कंपायलर ही युक्ती परवानगीशिवाय करत नाही. सी६००० मध्ये `-mh` हा पर्याय देऊन, ॲरेपलीकडे किती बाइट वाचलेले चालतील हे त्याला सांगावे लागते, आणि तेवढी मोकळी जागा लिंकरच्या फाइलमध्ये ॲरेच्या मागेपुढे प्रत्यक्षात राखून ठेवावी लागते.